पाच पत्रं, पाच पाकिटं आणि एकही धड नाही: प्रकार किती?

तिखटमीठ

गेल्या महिन्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ज्यांना येता आलं नाही अशा पाच जणांना त्यांनी स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. सांगलीच्या मालूआत्या, मिरजेचे बापूकाका, त्याच घरातल्या सुमनकाकू (नवरा-बायको असले तरी काकूंशी जिव्हाळा वेगळा, म्हणून पत्र वेगळं), डोंबिवलीचे शरदमामा आणि नाशिकची वसुधा. पाकिटांवर पत्ते मी आदल्या रात्रीच घालून ठेवले होते. पत्रं आत सारून डिंक लावायचं काम आठवीतल्या चिरंजीवांकडे दिलं. त्यांनी ते क्रिकेट बघत केलं.

चार दिवसांनी फोन सुरू झाले. शरदमामांना बापूकाकांच्या गुडघ्याची चौकशी, मालूआत्यांना "शरद, तू आता तरी सिगारेट सोड". पाचच्या पाच चुकीची! दीर म्हणाले, "वहिनी, पाचही चुकवायला नशीब लागतं."

मग मी कागद-पेन घेऊन बसले. एकूण प्रकार ५×४×३×२×१ = १२०. सगळी चुकायची तर पहिल्या पत्राला स्वतःचं सोडून ४ पाकिटं, पुढच्याला ३, मग २, मग १, आणि शेवटच्याला उरलेलं एक. म्हणजे २४. पाचात एकदा. पण पुतणीच्या प्रवेश परीक्षेच्या पुस्तकात अगदी हेच गणित आहे आणि उत्तर ४४ दिलंय. छपाईची चूक, की माझी?

रावसाहेब

यात काय एवढं? सगळी बरोबर जाण्याचा प्रकार एकच. १२० मधून १ गेला, ११९. पुस्तकही चूक, तुम्हीही चूक.

तिखटमीठ

रावसाहेब, ११९ मध्ये मालूआत्यांचं बरोबर गेलं आणि बाकीची चुकली हेही आलं. मला *एकही* बरोबर नको आहे. "सगळी बरोबर नाहीत" आणि "सगळी बरोबर नाहीत" यात फरक आहे हो!

पेंद्या

वरची दोन अवतरणं मी तीन वेळा वाचली. फरक आवाजात आहे बहुतेक.

गणोबा

रीत अशी: एकूणातून बरोबर गेलेले प्रकार वजा करा. मालूआत्यांचं पत्र बरोबर पाकिटात ठेवलं की उरलेली चार २४ प्रकारे बसतात. म्हणजे हे २४ बाद. तसेच बापूकाकांचे २४, काकूंचे २४... पाच जणांचे ५×२४ = १२०. १२० मधून १२० गेले, उरले...

थांबा. शून्य?

पेंद्या

अभिनंदन गणोबा. तिखटमीठताईंच्या घरी जे घडलं ते घडूच शकत नाही असं सिद्ध झालं. चिरंजीवांना माफ करा.

खडूफळा

गणोबा, रस्ता बरोबर आहे, तुम्ही पहिल्याच स्टॉपवर उतरलात. (३१ वर्षं ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलं. शून्यावर अडकणारा वर्गात दरवर्षी एक तरी असायचा.)

मालूआत्या आणि बापूकाका *दोघांचंही* बरोबर गेलं अशा मांडण्या बघा. आत्यांच्या २४ मध्ये त्या आल्या, काकांच्या २४ मध्येही आल्या. एकदा वजा करायच्या त्या तुम्ही दोनदा केल्या. म्हणून परत मिळवायला हव्यात. पाच जणांतून जोड्या १०, आणि दोन पत्रं पक्की झाली की उरलेली तीन ६ प्रकारे बसतात. म्हणून ६० परत द्या.

आता उलटी गडबड झाली. तिघांचं बरोबर गेलं अशी एखादी मांडणी धरा. ती तीनदा वजा झाली होती. त्या तिघांत जोड्याही तीनच, म्हणून ती तीनदा परत आली. म्हणजे तिला हातच लागला नाही! ती काढायला हवी. तिघांचे गट १०, उरलेल्या दोघांचे प्रकार २, म्हणून २० वजा. याच न्यायाने चौघांच्या वेळी ५ मिळवा, पाचांच्या वेळी १ वजा करा.

० + ६० − २० + ५ − १ = ४४. पुस्तक बरोबर आहे.

नीलपरी

सरांचं मिळवा-वजा करा प्रकरण मला कळतं, पण दुसऱ्या दिवशी डोक्यात राहत नाही. मी दुसऱ्या वाटेनं जाते.

मालूआत्यांचं पत्र चुकायचंच आहे, तर ते इतर चौघांपैकी कुणाच्या तरी पाकिटात गेलं. समजा बापूकाकांच्या. आता बापूकाकांच्या पत्राचं काय? दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, ते मालूआत्यांच्या पाकिटात गेलं, सरळ अदलाबदल. मग या दोघांचा विषय संपला आणि उरलेल्या तिघांची आपसात चुकामूक व्हायला हवी. तिघांत ती २ प्रकारे होते.

दुसरी, ते आत्यांच्या पाकिटात गेलं नाही. इथे थोडी लबाडी करायची. आत्यांचं रिकामं पाकीट बापूकाकांचंच आहे असं मानायचं, कारण त्यांच्या पत्राला आता तेच वर्ज्य आहे. मग चार पत्रं, चार पाकिटं, प्रत्येकाला एकेक वर्ज्य. हेच कोडं, एक माणूस कमी करून. त्याचं उत्तर ९.

२ + ९ = ११. आणि सुरुवातीला बापूकाकांच्या जागी चौघांपैकी कुणीही असू शकलं असतं, म्हणून ४ × ११ = ४४.

गणोबा

९ कुठून आणलेत?

नीलपरी

तिथूनच. चार जणांसाठी ३ × (२ + १) = ९. तिघांसाठी २ × (१ + ०) = २. दोघांसाठी १, आणि एकट्यासाठी ०, कारण एकच पत्र आणि एकच पाकीट असेल तर चुकायची सोयच नाही.

विश्वास नसेल तर चौघांचे हातानं लिहून बघा, पाच मिनिटं लागतात. कुठल्या पाकिटात कुणाचं पत्र ते क्रमानं: २१४३, २३४१, २४१३, ३१४२, ३४१२, ३४२१, ४१२३, ४३१२, ४३२१. पहिल्या जागी २, ३ आणि ४ प्रत्येकी तीनदा येतात, एवढं जुळलं की काही सुटलं नाही असं समजायचं.

तिखटमीठ

सर, नीलपरी, दोघांचेही आभार. ४४ पटलं. पण माझं ४, ३, २, १ नेमकं कुठे फसलं ते अजून कळलेलं नाही. पहिल्याला चार पर्याय आहेतच की.

खडूफळा

पहिल्याला आहेत. दुसऱ्यापाशी घोळ आहे. दुसरं पत्र बापूकाकांचं धरू. आत्यांचं पत्र बापूकाकांच्याच पाकिटात गेलं असेल, तर काकांच्या पत्राला जे वर्ज्य तेच पाकीट आधीच भरलं. उरलेली चारही त्याला मोकळी, पर्याय ४. आणि आत्यांचं पत्र दुसरीकडे गेलं असेल, तर एक पाकीट भरलेलं, एक वर्ज्य, पर्याय ३. म्हणजे दुसऱ्याचे पर्याय पहिल्यानं काय केलं त्यावर बदलतात. असे बदलते आकडे डोळे मिटून एकमेकांना गुणता येत नाहीत. पुढे तर आणखी बिकट होतं: शेवटच्या पत्राला नेमकं स्वतःचंच पाकीट उरतं आणि सगळी मांडणी फुकट जाते.

टपालहंस

मी आरएमएसमध्ये होतो, रेल्वेच्या टपाल डब्यात रात्र-रात्र उभं राहून सॉर्टिंग केलंय. एक गोष्ट नम्रपणे नोंदवतो: टपाल खात्याच्या दृष्टीनं या पाचपैकी एकही पत्र चुकलेलं नाही. आम्ही पाकीट बघतो, पत्ता बघतो. पाचही पाकिटं आपापल्या पत्त्यावर पोचली. शंभर टक्के निकाल!

आता गंमत बघा. सांगलीचा पिन ४१६४१६, मिरजेचा ४१६४१०. पहिले तीन आकडे तेच, म्हणून बाहेरून येताना ही दोन्ही टपालं बराच वेळ सोबत असतात आणि शेवटी वेगळी होतात. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन आला, त्याआधी नावावरून ओळखायचं. एकाच नावाची गावं किती, अक्षर कसं, भाषा कुठली, सगळं डोक्यात. समोर खणांचं कपाट, हात आपोआप जायचा. चुका व्हायच्या, पण एक चुकलं की दुसरं चुकायचंच असं नव्हतं. एका खणात कितीही पत्रं मावतात. तुमच्या कोड्यात एका पाकिटात एकच, म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या मानेवर बसते.

पेंद्या

खिडकीची पाकिटं वापरा. पत्त्याचा कागद आतच असतो. विषय संपला, धागा बंद करा.

टपालहंस

खिडकीचं पाकीट मुख्य कागदाला वाचवतं. सोबत जोडलेली दुसऱ्याची पावती आत गेली तर खिडकीला काय कळणार?

अवकाळी

पाच पत्रं होती म्हणून चालून गेलं. लग्नाच्या ५०० नावनिशीवार पत्रिका असत्या तर सगळ्याच्या सगळ्या चुकणं जवळजवळ अशक्य. एवढ्या गर्दीत एखादी तरी चुकून बरोबर पडेलच.

गणोबा

मला उलट वाटतं. ५०० पाकिटांत प्रत्येकीला आपलं पाकीट सापडायची शक्यता ५०० त एक. म्हणजे सगळ्या चुकणं जवळजवळ नक्कीच.

खडूफळा

दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे आणि ती अर्धी एकमेकांना खाऊन टाकतात. पत्रं वाढली की प्रत्येकाची संधी कमी होते, पण संधी घेणारेही तेवढेच वाढतात.

पाचाला १२० पैकी ४४ म्हणजे ३६.७ टक्के. दहाला ३६,२८,८०० पैकी १३,३४,९६१, म्हणजे ३६.८ टक्के. ५०० ला काढलंत तरी ३६.८ च, पुढच्या कितीतरी दशांशांपर्यंत फरक दिसणार नाही. ज्यांना e आठवत असेल त्यांच्यासाठी, हा आकडा १/e कडे जातो आणि फार पटकन जातो. वरचं माझं मिळवा-वजा करा १२० नं भागून बघा: १ − १ + १/२ − १/६ + १/२४ − १/१२०. पत्र वाढवलं की शेवटी आणखी एक चिमुकलं पद लागतं, एवढाच बदल.

अट मात्र एक: पत्रं खरोखर पिसलेली हवीत. लग्नाच्या पत्रिका यादीच्या क्रमानं आणि पाकिटंही त्याच क्रमानं असतील आणि मधेच एक पत्रिका गळली, तर तिथून पुढच्या सगळ्या एकानं सरकतात. तिथे ३७ टक्के लावू नका. प्रत्यक्षात मोठ्या चुका अशाच होतात. ओळखायची खूण म्हणजे प्रत्येकाला यादीतल्या शेजाऱ्याची पत्रिका जाते.

अवकाळी

पटत नाही, पण आकड्यांशी भांडता येत नाही. मग सरासरी किती बरोबर पडतात? ५०० ला जास्त पडत असतील ना?

नीलपरी

सरासरी एकच. पाच असोत की पाचशे. ५०० पत्रं, प्रत्येकाची संधी ५०० त एक, गुणाकार १.

पाचाचं पूर्ण चित्र असं: एकही बरोबर नाही ४४, नेमकं एक बरोबर ४५, दोन २०, तीन १०, पाचही १. बेरीज १२०. बरोबर गेलेली पत्रं मोजलीत तर ४५ + ४० + ३० + ५ = १२०, १२० मांडण्यांत १२० पत्रं.

रावसाहेब

चार विसरलात.

नीलपरी

विसरले नाही. चार बरोबर गेली की पाचव्याला त्याचंच पाकीट उरतं. "फक्त एकच चुकलं" हे कधीच होत नाही.

रावसाहेब

आमच्या हापिसात एकदा एकच चुकलं होतं.

पेंद्या

तेव्हा एक रिकामं पाकीट पण गेलं असेल कुणालातरी. शोधा.

दप्तरदार

अवांतर. हे कोडं पत्रांचं म्हणून जन्मलं नाही, जुगारातून आलंय. फ्रान्समध्ये त्रेझ म्हणजे 'तेरा' नावाचा पत्त्यांचा खेळ होता. पत्ते उलटत एक, दोन, तीन असं तेरापर्यंत मोजायचं आणि बोललेला आकडा नि उलटलेलं पान जुळलं की डाव वाटणाऱ्याचा. पियेर रेमों द मोंमोर यानं १७०८ च्या आपल्या पुस्तकात हा खेळ घेतला, सोपा करून तेराच पानांचा. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत निकोलस बर्नुलीशी झालेला पत्रव्यवहारही आहे. पुढे ऑयलरनंही यावर लिहिलं. तेरा पानांत एकही न जुळण्याची शक्यता तीच, ३७ टक्के. म्हणजे वाटणारा १०० त ६३ वेळा जिंकणार. समोरच्याला मात्र वाटत असणार की तेरात एक जुळणं किती अवघड!

चिठ्ठीवाली

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. ऑफिसात दिवाळीला प्रत्येकानं चिठ्ठी काढून ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची, असं करतो. स्वतःचं नाव आलं तर चिठ्ठी परत टाकून दुसरी काढायची. गेल्या वर्षी शेवटच्या माणसाला स्वतःचीच चिठ्ठी उरली. सगळे म्हणाले, शेवटून दुसऱ्याशी बदल. बदलली. हे चालतं का?

खडूफळा

भेट मिळण्यापुरतं चालतं. पण "परत टाकून दुसरी काढ" मध्ये सगळ्या मांडण्यांना समान संधी राहत नाही. तिघांवर बघा: अ, ब, क. चुकामुकीचे प्रकार दोनच. अ देणार ब ला, ब देणार क ला, क देणार अ ला, हा एक. नाहीतर याच्या उलट फेरा.

अ नं ब ची किंवा क ची चिठ्ठी काढली, निम्मं-निम्मं. क ची काढली, तर ब ला स्वतःची परत टाकून अ चीच घ्यावी लागते आणि क ला ब मिळतो. उलटा फेरा झाला, शक्यता १/२. अ नं ब ची काढली, तर ब निम्म्या वेळा क ची काढतो आणि पहिला फेरा होतो, शक्यता १/४. उरलेल्या १/४ वेळा ब नं अ ची काढली आणि क बिचारा स्वतःच्या चिठ्ठीसह बसला. म्हणजे जे दोन प्रकार सारखे हवेत त्यात एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि चारांत एकदा गाडी अडतेच.

चोख रीत हवी तर कुणालाही स्वतःचं नाव आलं की *सगळ्या* चिठ्ठ्या गोळा करून पहिल्यापासून. सरासरी पावणेतीन फेऱ्यांत जमतं.

चिठ्ठीवाली

वीस जणांना तीन वेळा कोण बसवणार? आमच्या एचआरनं सोपी युक्ती काढलीय: सगळ्यांची नावं पिसायची, गोल मांडायची, प्रत्येकानं पुढच्याला द्यायचं. स्वतःचं येतच नाही.

खडूफळा

युक्ती छान आहे, पण तिच्यात एकच मोठा फेरा होतो. "तू मला, मी तुला" अशी जोडी कधीच पडणार नाही.

आणि हे लिहिता लिहिता मला तिखटमीठताईंचं २४ सापडलं! ताई, तुमचं ४×३×२×१ अगदीच निराधार नव्हतं. ते याच गोल मांडणीचं मोजमाप आहे. आत्यांचं पत्र ज्याच्या पाकिटात गेलं त्याचं पत्र पुढे घ्या, ते ज्याच्या पाकिटात गेलं त्याचं त्यापुढे, असं साखळीनं चाला. साखळी आत्यांपाशी लवकर परत येऊ द्यायची नाही असं ठरवलं तर पहिल्याला ४ पर्याय, पुढच्याला ३, मग २, मग १, आणि शेवटचं पत्र आत्यांच्या पाकिटात. बरोबर २४.

उरलेले २० म्हणजे दोघांची अदलाबदल आणि तिघांचा फेरा. दोघं निवडायचे प्रकार १०, तिघांचे फेरे २. २४ + २० = ४४. तिसऱ्या वाटेनं तेच उत्तर. आता सांगा, तुमच्याकडे नेमकं कुणाचं कुठे गेलं?

तिखटमीठ

फोनवरून जुळवलेलं असं: मालूआत्यांचं पत्र बापूकाकांच्या पाकिटात, बापूकाकांचं शरदमामांच्या, शरदमामांचं मालूआत्यांच्या. आणि सुमनकाकू व वसुधा यांची अदलाबदल.

नीलपरी

म्हणजे तीन आणि दोन! ताई, तुमच्या २४ प्रकारांत तुमच्याच घरची पत्रं मोजलेली नाहीत :))

टपालहंस

माझी एक शंका राहिली आहे. धाग्याचा विषय काय, तर पत्र योग्य *पत्त्यावर* न पोचणं. बापूकाका आणि सुमनकाकू एकाच घरात राहतात. त्या दोघांची पत्रं आपसात बदलली असती, तर पत्ता तोच. काका-काकूंनी टेबलावरच बदलून घेतली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं. मग ४४ कसे?

खडूफळा

हंसराव, मान गये. खरं आहे. पत्त्यानं मोजायचं तर काकांच्या आणि काकूंच्या, दोघांच्याही पत्रांना मिरजेची दोन्ही पाकिटं वर्ज्य. म्हणजे ती दोन पत्रं उरलेल्या तीन पाकिटांत जायला हवीत, ३×२ = ६ प्रकारे. आता आत्या, मामा, वसुधा यांच्या तीन पत्रांना उरली मिरजेची दोन पाकिटं आणि त्या तिघांपैकीच कुणाचं तरी एक. ती तीन पत्रं ६ प्रकारे बसतात, त्यातल्या २ प्रकारांत ते एक पाकीट त्याच्या मालकालाच मिळतं. उरले ४. ६×४ = २४.

पेंद्या

म्हणजे फिरून भोपळे चौकात. ताईंचं मूळ उत्तर २४ च बरोबर! पुस्तकात मिरज नव्हती एवढंच.

दशमान

मी दोन ओळींत तपासलं. दोन शून्यं म्हणजे मिरजेचं घर.

```python
from itertools import permutations
ghar = [0, 0, 1, 2, 3]
print(sum(all(ghar[p[i]] != ghar[i] for i in range(5))
          for p in permutations(range(5))))
```

उत्तर 24. `ghar = [0, 1, 2, 3, 4]` केलं की 44.

गणोबा

दोन्हीकडे २४ आलं म्हणजे एका पत्त्याचं घर आणि सरांचा मोठा फेरा यांत काहीतरी नातं असणार. उगाच येत नाही असं.

नीलपरी

चौघांवर बघितलं. मोठे फेरे ३×२×१ = ६. एका घरात दोघं असतील तर त्यांची पत्रं दुसऱ्या दोघांच्या पाकिटांत २ प्रकारे, त्या दोघांची यांच्या पाकिटांत २ प्रकारे, एकूण ४. जुळत नाही. पाचाला योगायोगच.

गणोबा

तरी मी सहाला करून बघतो.

अवकाळी

पण पत्त्यानं मोजायचं की माणसानं? काकूंचं पत्र काकांनी आधी वाचलं तर ते "पोचलं" म्हणायचं का?

टपालहंस

खात्याच्या लेखी पोचलं.

रावसाहेब

आमच्या घरी नसतं पोचलं.

तिखटमीठ

ताजी खबर. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा लिहिणार नाही, ज्याचं त्याला पाठवून द्या. मालूआत्यांनी मामांचं पत्र लगेच टपालात टाकलं. मिरजेला दोन परकी पत्रं आली होती, आत्यांचं आणि वसुधाचं. बापूकाका आत्यांचं स्वतः सांगलीला जाऊन देऊन आले. सुमनकाकूंनी मात्र वसुधाचं पत्र अजून ठेवून घेतलंय. त्यात सासूबाईंनी लिंबाच्या गोड लोणच्याचं प्रमाण लिहिलं होतं आणि काकूंचं म्हणणं, हे मी चाळीस वर्षं मागत होते.

गणोबा

सहाला फेरे १२० आले, एका घरात दोघं धरले तर १६८. नीलपरी, मान्य. आता दोन घरांत दोन-दोन जोडपी असली तर, ते करतोय.

पेंद्या

ताई, लोणच्याचं प्रमाण इथेच टाका.